निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक वर्गीकरण असे आहे, की काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्यापूर्वीच पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो आणि काहींचा वापरल्यावरही कळत नाही. भाजीची जुडी हाताळून पारखता येते. उपाहारगृहातील जेवण चाखल्यावर कळते. परंतु गाडी दुरुस्त करणाऱ्याने जो सुटा भाग बदलला, तो खरोखर बदलणे आवश्यक होते काय, हे गाडी सुरू झाल्यावरही मालकाला कळत नाही. डार्बी आणि कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली या तिसऱ्या वर्गाकडे लक्ष वेधले. ज्या बाजारात ग्राहकाला वस्तूची पारख वापरूनही होत नाही, तेथे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून त्याला गत्यंतर नसते आणि त्या विसंबण्याची किंमत कधी ना कधी मोजावी लागते, असे त्यांच्या विवेचनाचे तात्पर्य आहे.

संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी म्हणून विकली जाणारी ‘निळा प्रकाश अडवणारी काच’ ही या तिसऱ्या वर्गातील अगदी ठळक वस्तू होय. २०२० साली महासाथीमुळे शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या, आणि तेव्हापासून ही काच आपल्याकडे घरोघर पोहोचली. आज भाईंदरच्या कोणत्याही चष्म्याच्या दुकानात नवा नंबर घेऊन गेले, की ‘संगणकाचे काम आहे ना? मग ब्लू कट घाला,’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यासाठी साध्या काचेपेक्षा काही शे रुपये अधिक पडतात. घेणारा बहुधा कारकून, शिक्षक किंवा विद्यार्थी असतो. त्याचे डोळे संध्याकाळी खरोखरच चुरचुरत असतात, आणि म्हणून तो निमूटपणे पैसे मोजतो.

त्याची तक्रार खोटी नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. चित्रकूटच्या नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी महासाथीच्या काळात ऑनलाइन शिकणाऱ्या २१७ मुलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे निम्म्या मुलांत पडद्यामुळे होणाऱ्या ताणाची लक्षणे आढळली. डोळे कोरडे पडणे, जळजळणे, अक्षरे मधूनच पुसट होणे, कपाळ दुखणे, मान अवघडणे ही लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. प्रश्न आहे तो एवढाच, की या लक्षणांचे कारण पडद्याचा निळा प्रकाश आहे काय आणि तो गाळला तर लक्षणे जातात काय.

दुकानातील प्रयोग

या काचेची विक्री बहुतेक ठिकाणी एका छोट्या प्रयोगाने होते. विक्रेता पेनासारख्या एका विजेरीतून जांभळट निळा किरण एका कार्डावर पाडतो. कार्डावर ठिपका चमकतो. मग तो किरणाच्या वाटेत साधी काच धरतो. ठिपका तसाच राहतो. त्यानंतर तो नवी काच धरतो आणि ठिपका एकदम नाहीसा होतो. पाहणारा चकित होतो आणि विक्री पूर्ण होते.

या प्रयोगात हातचलाखी नाही. काच तो किरण खरोखर अडवते. पण तो किरण कोणता, हा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर हा जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा पट्टा. विजेरीचा किरण बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे या पट्ट्याच्या अगदी जांभळ्या टोकाचा असतो. उलट मोबाइल आणि संगणक यांच्या पडद्यांमागे जे एलईडी दिवे असतात, त्यांचा निळा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत प्रखर असतो. बाजारात मिळणारी पारदर्शक ‘ब्लू कट’ काच ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश चांगला अडवते. ४५० च्या आसपासचा बराचसा प्रकाश मात्र ती सरळ आत सोडते. एकंदर निळ्या प्रकाशापैकी अशी काच साधारण १० ते २५ टक्केच गाळते. म्हणजे दुकानातील प्रयोग खरा आहे. परंतु तो पडद्यातून जवळजवळ येतच नसलेल्या प्रकाशावर केलेला आहे.

वाचकाला याची खात्री घरच्या घरी करून घेता येईल. संगणकावर कोरे पांढरे पान उघडावे आणि त्यासमोर ती काच धरावी. पान जवळजवळ पांढरेच दिसेल, फार तर किंचित पिवळसर छटा जाणवेल. पांढऱ्या रंगातून निळा खरोखरच मोठ्या प्रमाणात काढला, तर उरणारा रंग पिवळा किंवा नारिंगीच असणार. निळा प्रकाश पूर्णपणे अडवणारी काच मधाच्या रंगाची असते. तिच्यातून साऱ्या जगाचे रंग बदललेले दिसतात आणि म्हणूनच ती घालून कोणी कचेरीत बसत नाही. काच एकाच वेळी स्वच्छ पारदर्शकही असावी आणि निळा प्रकाशही अडवणारी असावी, ही मागणी प्रकाशशास्त्राच्या नियमांत बसत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. पडद्यातून डोळ्यांत येणारा निळा प्रकाश हा दिवसाउजेडी बाहेर वावरताना येणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या सुमारे एक हजारांश असतो. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील संशोधकांनी २०१६ साली दिवे, संगणक, टॅबलेट आणि मोबाइल यांच्या प्रकाशाची मोजणी प्रसिद्ध केली. दीर्घकाळ पाहत राहिले तरी यांपैकी कोणत्याही उपकरणाने आंतरराष्ट्रीय सुरक्षा मर्यादा ओलांडली नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर सकाळी पाच मिनिटे उभे राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आकाशातून आणि पाण्यावरून जेवढा निळा प्रकाश जातो, त्यापुढे त्याच्या मोबाइलचा प्रकाश नगण्य ठरतो. पडद्याचा प्रकाश दृष्टिपटल जाळतो ही भीती म्हणूनच निराधार आहे.

तुलना करून पाहिले तेव्हा

यावर कोणी म्हणेल, की शास्त्र काहीही सांगो, मला ती काच घातल्यापासून बरे वाटते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण नवा चष्मा करताना बहुधा नंबरही नवा तपासलेला असतो, ओरखडे पडलेली जुनी काच जाऊन नवी आलेली असते आणि पैसे मोजल्यावर गुण यावा अशी मनाची तयारीही झालेली असते. यांतले नेमके कशाने बरे वाटले, हे एकट्या माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही. त्यासाठी दोन गट करून, कोणाच्या डोळ्यांवर कोणती काच आहे हे दोन्ही बाजूंना न सांगता तुलना करावी लागते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात नेमकी अशी तुलना झाली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. संगणकाने डोळ्यांना त्रास होतो असे सांगणाऱ्या १२० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत विभागले. निम्म्यांना निळा प्रकाश गाळणारी काच दिली, निम्म्यांना साधी. पण प्रयोग येथेच थांबला नाही. प्रत्येक निम्म्याचे पुन्हा दोन भाग केले आणि एका भागाला तपासनिसाने ‘तुम्हाला दिलेली काच फार गुणकारी आहे’ असे सांगितले, तर दुसऱ्याला ‘ही काच काही विशेष नाही’ असे सांगितले. मग सर्वांनी दोन तास संगणकावर काम केले. कामापूर्वी आणि कामानंतर त्यांच्या तक्रारींचे गुण नोंदवले. शिवाय लुकलुकणारा दिवा कोणत्या गतीला स्थिर भासू लागतो, ही डोळ्यांच्या थकव्याची मोजता येणारी खूणही तपासली.

निष्कर्ष स्पष्ट होता. दोन्ही काचांमध्ये थकव्याचा फरक आढळला नाही, ना तक्रारींत ना मोजणीत. तपासनिसाच्या स्तुतीनेही किंवा निंदेनेही काही फरक पडला नाही.

एका प्रयोगावर भिस्त ठेवू नये हे खरेच. म्हणून २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने केलेला आढावा महत्त्वाचा ठरतो. वैद्यकीय उपचारांवरील सर्व प्रयोग गोळा करून त्यांची झडती घेणे हे या संस्थेचे काम. तिच्या आढाव्यात सहा देशांतील १७ तुलनात्मक प्रयोग आले आणि त्यांत मिळून ६१९ माणसे होती. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचेने संगणकावरील कामाचा ताण निदान अल्पकाळात तरी कमी होत नसावा, दृष्टीच्या तीक्ष्णतेत फरक पडत नाही, झोपेविषयी प्रयोगांची उत्तरे परस्परविरोधी आहेत आणि दृष्टिपटलाच्या संरक्षणाविषयी काही म्हणावे असा पुरावाच नाही, असे त्यात आढळले.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. यांतील सर्वांत लांबलेला प्रयोग पाच आठवड्यांचा होता आणि अनेक प्रयोग लहान होते. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराबद्दल ‘सिद्ध झाले’ असा शब्द कोणालाच वापरता येणार नाही. परंतु वस्तू गुणकारी आहे हे सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असतो. ती निरुपयोगी आहे हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर नसतो. आणि ज्याचा त्रास आज संध्याकाळचा आहे, त्याला आज संध्याकाळी फरक पडत नाही एवढे या प्रयोगांवरून पुरेसे दिसते.

पापणी लवेना

मग त्रास होतो कशाने? त्याचे पहिले उत्तर पापणीत आहे. डोळ्याच्या बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर पसरलेला असतो आणि पापणी लवते तेव्हा तो प्रत्येक वेळी नव्याने सारवला जातो. जमीन वेळेवर सारवली नाही तर तिला भेगा पडतात, तसा हा थरही पापणी वेळेवर लवली नाही तर फाटतो. फाटला की जळजळ होते आणि अक्षरे पुसट दिसू लागतात.

जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी या डॉक्टरांनी १९९३ साली कचेरीत काम करणाऱ्यांच्या पापण्या मोजल्या. माणूस निवांत बसला असता त्याची पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत होती, टेबलावरचे पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा. दिवसाचे सहा तास पडद्यासमोर गेले असे धरले, तर निवांत बसण्याच्या तुलनेत सुमारे पाच हजार चारशे वेळा पापणी लवायची राहून जाते. शिवाय पुढील काळात असेही दिसून आले, की पडद्यासमोर लवणाऱ्या पापण्यांपैकी कित्येक अर्ध्यावरूनच परततात आणि बुबुळाचा खालचा भाग कोरडाच राहतो.

याच पाहणीतील दुसरी मोजणी अधिक उद्बोधक आहे. डोळ्याचा उघडा पडणारा भाग पुस्तक वाचताना १.२ चौरस सेंटिमीटर होता, तर पडद्याकडे पाहताना २.३, म्हणजे जवळपास दुप्पट. पुस्तक आपण नजर खाली करून वाचतो. तेव्हा वरची पापणी आपोआप अर्धी खाली येते आणि डोळा झाकते. पडदा मात्र समोर किंवा डोळ्यांच्याही वर असतो, तेव्हा डोळे सताड उघडे राहतात. कमी लवणारी पापणी आणि दुप्पट उघडा डोळा ही दोन कारणे एकत्र आली, की कोरडेपणा ठरलेलाच. त्यात डोक्यावरचा पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर येत असेल, तर पाहायलाच नको.

यावरचा उपाय दुकानात मिळत नाही, कारण तो टेबलावर करायचा असतो. आपल्या कचेऱ्यांत संगणकाचा पडदा त्याच्याच डब्यावर किंवा फायलींच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवण्याची रीत आहे. तो खाली उतरवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा तिच्या किंचित खाली असावी. साठ-पासष्ट सेंटिमीटरवर ठेवलेल्या नेहमीच्या पडद्याचा मध्य मग डोळ्यांच्या रेषेपासून वीतभर खाली येतो आणि नजर आपोआप खाली झुकते. झोत तोंडावरून हटवावा. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकत असेल, तर पडदा खिडकीला काटकोनात फिरवावा. मधूनमधून आठवण ठेवून पापणी पूर्ण मिटावी, नुसती लववू नये. एवढ्याने भागले नाही, तर नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. मात्र लाली घालवण्यासाठी म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब टाळावेत. त्यांत कित्येकदा स्टिरॉइड असते. ते तात्पुरते बरे वाटवते आणि दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू ओढवू शकते.

चाळिशीचे गणित

त्रासाचे दुसरे मोठे कारण नंबरात आहे आणि येथे थोडे अंकगणित करावे लागेल. समजा, डोंगरीहून रोज बसने भाईंदर स्थानक गाठून पुढे गाडीने मुंबईच्या कचेरीत जाणारा बावन्न वर्षांचा एक कारकून आहे. (हा नमुना कल्पित आहे, पण वाचकांपैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल.) त्याला दूरचे स्वच्छ दिसते. चाळिशी लागली आहे आणि वाचण्याचा नंबर अधिक दोन आहे. त्याच्या डोळ्यांवर दुहेरी काचेचा चष्मा आहे. वरचा भाग साधा, खालच्या भागात अधिक दोन.

एखादी वस्तू पाहण्यासाठी डोळ्याला किती जोर लागतो, हे काढण्याचा नियम सोपा आहे. एकाला मीटरमधील अंतराने भागावे. चाळीस सेंटिमीटरवरच्या वर्तमानपत्राला अडीच इतका जोर लागतो. त्यापैकी दोन चष्मा देतो आणि अर्धा त्याचा डोळा देतो. वाचन सुखाने होते. संगणकाचा पडदा पासष्ट सेंटिमीटरवर आहे. त्याला साधारण दीड इतका जोर लागतो. काचेच्या वरच्या भागातून पाहिले तर चष्म्याची मदत शून्य, आणि दीडचा सारा भार ज्या डोळ्याला अर्धाच सहज झेपतो त्याच्यावर. खालच्या भागातून पाहिले तर अडचण उलटी होते. अधिक दोनच्या काचेतून स्वच्छ दिसण्याची कमाल मर्यादा पन्नास सेंटिमीटर आहे आणि पडदा तिच्या पलीकडे आहे. म्हणून तो हनुवटी वर करतो, काचेचा खालचा भाग पडद्यासमोर आणतो आणि मान पुढे काढून पडद्याजवळ सरकतो. दिवसभर असे बसल्यावर मान आणि कपाळ दुखणार नाही तर काय होईल?

या माणसाला पडद्यासाठी चष्म्याकडून हवी असलेली मदत दीड वजा अर्धा, म्हणजे अधिक एक इतकी आहे. अधिक एक किंवा सव्वाचा, एकाच नंबराचा साधा चष्मा कचेरीच्या खणात ठेवला, तर त्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटतो. त्याऐवजी त्याच जुन्या दुहेरी चष्म्यावर निळा थर चढवून घेतला, तर वरील गणितातील एकही आकडा बदलत नाही. यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे जाताना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजून न्यावे आणि ते सांगावे. नंबर तपासणारा सहसा दूरच्या फळ्यावरची आणि हातातल्या कार्डावरची अक्षरे वाचायला लावतो. मधल्या अंतराचा विषय आपण काढला नाही, तर निघत नाही.

तरुणांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या डोळ्यांत जोर भरपूर असतो. पण अर्ध्या ते एक नंबराचा सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, ‘एवढा किरकोळ आहे, चालेल’ म्हणून सोडून दिलेला असतो. फळा वाचताना तो खरोखरच चालतो. परंतु असा किरकोळ तिरपा नंबर दुरुस्त न केल्यास संगणकावर काम करताना त्रास वाढतो, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मोबाइलच्या अंतराचीही भर पडते. पुस्तक चाळीस सेंटिमीटरवर धरणारा मुलगा मोबाइल तीस सेंटिमीटरवर आणतो. नियमाप्रमाणे जोर अडीचवरून सव्वातीनच्याही पुढे जातो. अक्षर मोठे करून हात लांबवणे हा येथे बिनखर्ची उपाय आहे.

आपला त्रास कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. अक्षर पुसट झाले आणि दोन-तीनदा पापणी पूर्ण मिटल्यावर स्वच्छ झाले, तर दोष अश्रूंच्या थराचा. पडदा थोडा दूर किंवा जवळ केल्यावर स्वच्छ झाले, तर दोष नंबराचा. अक्षरांना सावली किंवा दुहेरी कड दिसत असेल, तर तिरप्या नंबराची शंका घ्यावी. बराच वेळ काम केल्यावर मान वर केली आणि दूरचे क्षणभर पुसट दिसले, तर डोळ्याचे स्नायू जवळच्या अंतरावर अडकून पडले आहेत. त्यांना विसावा हवा. आणि एकाच डोळ्यात तीव्र वेदना, दिव्याभोवती वलये, एकाचे दोन दिसणे किंवा अचानक कमी झालेली दृष्टी यांपैकी काही असेल, तर ते पडद्यावर ढकलू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा.

विसाव्याचा हिशेब

विसाव्यासाठी एक सूत्र सर्वतोमुखी झाले आहे: दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहावे. या सूत्राचीही परीक्षा घेतली पाहिजे, नाहीतर निळ्या काचेला एक न्याय आणि याला दुसरा, असे होईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीस तरुणांना चाळीस मिनिटांच्या कामात पाच, दहा, वीस मिनिटांनी किंवा अजिबात नाही अशी वीस सेकंदांची विश्रांती दिली. लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात २९ जणांच्या संगणकावर दोन आठवडे आठवण करून देणारी योजना ठेवली. त्यांच्या तक्रारी कमी झाल्या, पण आठवण बंद केल्यावर आठवड्याभरात पूर्वपदावर आल्या. यावरून एवढेच म्हणता येते, की वीस या आकड्यात काही जादू नाही आणि वीस सेकंद बहुधा अपुरे आहेत. पण विसाव्याची सवय कायम ठेवली तर ती उपयोगी पडते. खुर्चीतून उठून चार पावले चालून येणे अधिक हिताचे, कारण त्यात मान, पाठ आणि डोळे तिघांचाही विचार होतो.

झोपेविषयी एक वाक्य पुरे. रात्री झोप उडवण्यात प्रकाशाचा वाटा आहे. पण पारदर्शक काच त्या प्रकाशाचा बहुतांश भाग आत सोडते, तेव्हा निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवणे हाच स्वस्त आणि तर्कशुद्ध उपाय होय.

बाजाराला लगाम

वस्तूची पारख ग्राहकाला होत नसेल, तर ती कोणीतरी त्याच्या वतीने करावी लागते. ब्रिटनमध्ये २०१५ साली जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने बूट्स या मोठ्या चष्मेविक्रेत्या कंपनीची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. उपकरणांतील निळा प्रकाश दृष्टिपटलाला इजा करतो आणि आमची काच त्यापासून वाचवते, असा तिचा दावा होता. त्याला पुरेसा पुरावा कंपनीला देता आला नाही. पुढे २०१७ साली तेथील दृष्टितपासणी व्यवसायाच्या नियामक मंडळाने त्याच प्रकरणी कंपनीला ४०,००० पौंडांचा दंड केला.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. परंतु कायदा कागदावरून बाजारात उतरण्यासाठी ग्राहकाने प्रश्न विचारावा लागतो. दुकानदाराला विचारण्याजोगा प्रश्न एकच: ही काच ४५० नॅनोमीटरवर किती टक्के प्रकाश अडवते, ते लेखी दाखवाल काय? बहुतेक ठिकाणी येथेच संभाषण संपेल.

कोणी हौसेने ती काच घेतली तर तिने अपाय होत नाही. हानी होते ती खिशाची आणि त्याहून अधिक गैरसमजाची. संरक्षण विकत घेतले आहे अशा भरवशावर माणूस पडदा खाली उतरवत नाही, झोत हटवत नाही आणि मधल्या अंतराचा नंबर तपासून घेत नाही. शाळा आणि कचेऱ्या यांच्या प्रमुखांनी या बाबतीत काही करायचे असेल, तर कर्मचाऱ्यांच्या चष्म्यांना निळा थर देण्याच्या योजनांऐवजी दोन वर्षांतून एकदा पडद्याच्या अंतरासह डोळे तपासण्याची सोय करावी, आणि एखाद्या शनिवारी मोजपट्टी घेऊन टेबलामागून टेबल फिरून पडद्यांची उंची आणि अंतर तपासावे. त्या एका फेरीत जे साधेल, ते किमती काचेने साधणार नाही.